१७१ आणि बाकीचा दिवस

रविवारी रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक स्क्रीनशॉट टाकला. काळ्या पडद्यावर मनगटावरच्या घड्याळाने मोजलेल्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, लाल रेघांचा डोंगर, वर मोठ्या अक्षरात १७१, आणि खाली मामांचा मजकूर : 'आज यवतेश्वर घाट. वय ५८!' दहा मिनिटांत अंगठे, फुलं, हात जोडलेली चित्रं जमा झाली. मग धाकट्या मावशीने लिहिलं, 'अहो भाऊ, हे जास्त नाही का? डॉक्टरांना दाखवा.' त्यावर मामी काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे घरात बोलून झालं असणार. थोड्या वेळाने मामांचा मला वेगळा मेसेज आला. 'अगं, तू हेच काम करतेस ना? सांग बरं, कौतुक करायचं की घाबरायचं?'

मी हेच काम करते, हे खरं. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या माणसांना हळूहळू चालायला, चढायला लावणाऱ्या विभागात मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या छातीवरच्या पट्ट्याचा आकडा बघत असते. पण मामांचा स्क्रीनशॉट बघताना मला खुपलं ते वेगळंच. चोवीस तासांच्या त्या आलेखातल्या एकाच टोकाविषयी सगळे बोलत होते, आणि नेमकं तेच टोक मला खरं वाटत नव्हतं. बाकीचा सगळा दिवस मात्र तिथे उघडा पडला होता आणि त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मी मामांना लिहिलं, 'दोन्ही नको. उद्या फोन करते.' आणि स्क्रीनशॉट मोठा करून डावीकडून, म्हणजे मध्यरात्रीपासून, वाचायला लागले.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हा आलेख सलग एकाच पद्धतीने काढलेला नसतो. घड्याळाच्या पोटात हिरवे दिवे असतात. तो प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त थोडं वाढलं की परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो. घड्याळ हा चढउतार मोजतं. हृदयाला ते हातही लावत नाही. दिवे सारखे जळत ठेवले तर बॅटरी संपेल, म्हणून एरवी बरीच घड्याळं थोड्या थोड्या वेळाने डोकावतात आणि 'व्यायाम' सुरू केला की मात्र जवळजवळ सेकंदासेकंदाला मोजतात. त्यात अख्खा दिवस फोनच्या रुंदीत बसवायचा, म्हणून काही मिनिटांचे ठोके एका उभ्या काडीत कोंबले जातात : काडीचं खालचं टोक म्हणजे त्या वेळातला सर्वात कमी ठोका, वरचं टोक सर्वात जास्त. व्यायामाचा भाग दाट आणि उंच दिसतो, तो काही अंशी मोजणीच तिथे दाट असते म्हणून. आणि मामांच्या आलेखात सकाळी नऊच्या सुमाराला जी मोकळी जागा होती, ती आंघोळीची आणि चार्जिंगची.

मध्यरात्रीला रेघ ७४ वर होती. शनिवारी कराडला लग्नाचं रिसेप्शन होतं, मामा-मामी रात्री साडेअकराला घरी आले, हे मला ग्रुपवरच्या फोटोंवरूनच ठाऊक होतं. झोप लागल्यावर ठोके खाली यायला हवेत, पण ते दोन वाजेपर्यंत ६६ च्या आसपास अडून राहिले होते. पोटात उशिराचं जेवण असलं की असं होतं. पचनासाठी आतड्याकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि हृदयाला रात्रपाळी करावी लागते. दारू घेतली असती तर हा उंचवटा पहाटेपर्यंत लांबला असता. मामा घेत नाहीत. दोननंतर रेघ पायरी पायरीने उतरली आणि पहाटे साडेचारच्या सुमाराला ४९ ला टेकली. पाच वाजून गेल्यावर एक ताठ काडी ८० पर्यंत. म्हणजे उठले, उभे राहिले. आडवा माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे ओढलं जातं, दाब सांभाळायला ठोके क्षणात दहा-वीसने वाढतात. ही काडी बघून मला फार बरं वाटतं, का ते सांगता येणार नाही. कुणीतरी अंथरुणातून उठल्याची खूण एवढ्या दुरून दिसावी, यात काहीतरी आहे.

खाली छोट्या अक्षरात लिहिलं होतं : रेस्टिंग हार्ट रेट ५७.

फोनवर मामांचा पहिला प्रश्न हाच. 'पहाटे ४९ दाखवतंय, मग रेस्टिंग ५७ कसा? झोपेपेक्षा जास्त विश्रांती कुठली असते?' प्रश्न चोख होता. विश्रांतीचा ठोका म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. ॲपलचं घड्याळ जागेपणी, माणूस स्वस्थ बसलेला असतानाचे ठोके धरतं आणि झोपेतले सोडतं. गार्मिन चोवीस तासांतल्या सर्वात कमी सरासरीचा अर्धा तास उचलतं, तो बहुधा झोपेतच सापडतो. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधली तर दोन वेगळे आकडे येतील आणि दोन्ही आपापल्या व्याख्येने बरोबर असतील. शेजारच्या काकांचा ५२ आणि आपला ५७ असली तुलना म्हणूनच फुकट. आपल्याच घड्याळातला आपलाच आकडा गेल्या महिन्यात किती होता, एवढंच विचारायचं. तो चार-सहा दिवस नेहमीपेक्षा पाच-आठने वर राहिला, तर ताप येऊ घातलाय, झोप कमी पडतेय किंवा व्यायामाचा अतिरेक झालाय, असं काहीतरी बहुधा निघतं.

कॉलेजात पहिल्या वर्षी आम्हाला नाडी मोजायला शिकवली होती. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, तर्जनी-मध्यमा-अनामिका अशी तीन बोटं. अंगठा वापरायचा नाही, त्याला स्वतःची धडधड असते आणि आपण दुसऱ्याची म्हणून आपलीच नाडी मोजत बसतो. आम्ही मुली बाकावर जोडीजोडीने बसून एकमेकींचे हात धरायचो. मॅडम मागून फिरत विचारायच्या, 'किती?' मैत्रिणीचे ७२ असायचे, मॅडम जवळ आल्या की ९०. तेव्हाच कळलं की मोजायला कुणीतरी आलंय, एवढ्यानेही आकडा बदलतो. नंतर त्याच मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मला अजून थक्क करते. हृदयाला स्वतःच्या मर्जीवर सोडलं, मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या मज्जातंतूंचा संबंध तोडला, तर तरुण माणसाचं हृदय मिनिटाला शंभराच्या घरात पळतं. वय वाढेल तसा हा मूळ वेग कमी होतो, पण साठ-सत्तरच्या वरच राहतो. आपण ज्याला शांत ठोका म्हणतो, तो व्हेगस नावाच्या मज्जातंतूने ओढून धरलेल्या लगामामुळे असतो. पुढे नोकरीत एक हृदय-प्रत्यारोपण झालेले गृहस्थ व्यायामाला यायचे. शस्त्रक्रियेत त्या हृदयाचे सगळे तंतू कापलेले. बसल्या जागी त्यांचे ठोके ९८. ट्रेडमिल सुरू केली तरी पहिली काही मिनिटं ९८ च. मग रक्तातून ॲड्रेनलिन पोचायचं आणि रेघ सावकाश वर सरकायची, थांबल्यावर तितकीच सावकाश खाली यायची. त्यांचा आलेख बघितल्यापासून मला चांगल्या आलेखातले खड्डे उंचवट्यांइतकेच महत्त्वाचे वाटतात.

आता घाट. जानेवारीतली साताऱ्याची सकाळ, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या चढाला मामा सव्वासहाला पळत लागले. व्यायामाचा भाग दाबला की तेवढ्याच वेळाचा मोठा आलेख उघडतो. मी मामांना तो पाठवायला सांगितला, आणि त्याखालचा पावलांच्या वेगाचाही. पहिली आठ-दहा मिनिटं रेघ वेडीवाकडी होती : ९५, १३०, ८८, परत १२०. मामांना वाटलं हृदय चुकतंय. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, मनगटात रक्तच कमी येतं आणि घड्याळाला चाचपडावं लागतं. अंग तापलं की रेघ सरळ होते. झालंही तसंच. पुढे ती ११० वरून १४० ला आली आणि चढभर १४५ ते १५२ च्या मध्ये थरथरत राहिली. वळणावर चढ सौम्य झाला की किंचित खाली, पुढे परत वर. या थरथरीवर माझा विश्वास बसतो. जिवंत माणूस रस्त्यावर पळताना असाच दिसतो.

माथ्यावर मामा थांबले. उभं राहून पाणी प्यायले, पण घड्याळातला व्यायाम बंद केला नाही. बरं झालं, कारण बंद केल्यावर बरीच घड्याळं परत सुस्त होतात आणि आलेखातला सर्वात वाचण्याजोगा मिनिट हरवतो. थांबले तेव्हा १५०, एका मिनिटाने १२२. म्हणजे २८ ची घसरण. पहिल्या मिनिटातली घसरण हे त्या व्हेगसच्या लगामाचं काम असतं. ॲड्रेनलिन ओसरायला त्याहून जास्त वेळ लागतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल चाचणी झालेल्या दोन हजारांहून जास्त माणसांचा सहा वर्षं मागोवा घेतला आणि निष्कर्ष १९९९ साली छापले. चाचणी संपल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. ती चाचणी दवाखान्यातली, शेवटी हळू चालत केलेली. घाटात पाणी पिताना मोजलेल्या आकड्याला तीच फूटपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. तरी २८ म्हणजे समाधान मानावं असा आकडा आहे. मामांनी कौतुकाची मागणी केली होती ना? मी त्यांचं या मिनिटासाठी कौतुक केलं. ते जरा हिरमुसले. त्यांना १७१ चं हवं होतं.

आणि १७१ होता कुठे? उतारावर! चढताना १५२ च्या वर न गेलेलं हृदय उतरताना १७१ ला जातं, हे पहिलं न पटणारं. उतारावर वजन वर उचलायचं नसतं; मांड्या भरून येतात, गुडघे बोलतात, पण हृदयाला काम कमी असतं. दुसरं म्हणजे रेघ १२४ वरून काही सेकंदांत थेट १७१ ला उडाली होती. पळणाऱ्या माणसाचे ठोके चढतात, अशी उडी मारत नाहीत. तिसरी गोष्ट सर्वात बोलकी. पुढची बारा-तेरा मिनिटं ती रेघ १६९ ते १७२ मध्ये अगदी पट्टीने आखल्यासारखी होती. ना वळण, ना थरथर. मग मी खालचा, पावलांचा आलेख बघितला. उतरताना मामा छोटी छोटी पावलं टाकतात, गुडघ्यांसाठी ते चांगलंच. मिनिटाला १७० पावलं.

घड्याळ ठोके मोजत नव्हतं, पावलं मोजत होतं. प्रत्येक पावलाबरोबर हात झटकतो, मनगटातलं रक्त आणि सैल पट्ट्याखालचं घड्याळही हलतं, प्रकाशात तालबद्ध चढउतार होतो. घड्याळात हालचाल वजा करण्याची सोय असते, पण हिसका ठोक्यापेक्षा जोरकस असला की ते त्यालाच ठोका समजून बसतं. पळणाऱ्या मंडळींत याला केडन्स लॉक म्हणतात. पळणाऱ्यांची पावलं बहुधा १६० ते १८० च्या घरात असतात आणि जोराच्या व्यायामातले ठोकेही तिथेच असू शकतात, त्यामुळे आकडा विश्वासार्ह वाटतो. मामांच्या घड्याळाने २२० वजा वय या जुन्या हिशेबाने त्यांची कमाल १६२ धरली होती, म्हणून १७१ ला कमाल मेहनतीचा लाल पट्टाही रंगवून दिला. हा हिशेब तसा ढोबळच. २००१ साली आलेलं २०८ वजा वयाच्या सात-दशांश हे सूत्र ५८ व्या वर्षी १६७ देतं, आणि खऱ्या माणसांची कमाल त्याच्याही दहा-बारा वर किंवा खाली सहज असते. त्यामुळे १७१ अशक्य होता असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी, त्या उतारावर, तो नव्हता.

मामांना पटेना. 'तुझा तर्क आहे,' म्हणाले. पुढच्या रविवारी मी साताऱ्याला गेले, तेव्हा आमच्याकडचा छातीचा पट्टा घेऊन गेले. तो प्रकाशाने नाही, हृदयाच्या विजेच्या संकेतावरून मोजतो. हात झटकण्याचं त्याला सोयरसुतक नसतं. त्याच उतारावर घड्याळ १६९ सांगत होतं तेव्हा पट्टा १२६ दाखवत होता. मग मामांचं घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवलं, घड्याळाचा पट्टा एक भोक घट्ट केला. थोड्या वेळाने दोन्ही आकडे १२५ च्या आसपास जुळले. मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्हीकडे आळीपाळीने बघत होते. मी त्यांना बोटांनीही मोजायला लावलं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात म्हणून पूर्ण मिनिट मोजत बसायचं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना बजावून सांगितली. असाच उंच आकडा स्वस्थ बसलेले असताना, एकाएकी आला, छातीत फडफडतंय असं वाटलं आणि बोटांनाही तोच वेग लागला, तर ते पावलांचं काम नाही. मग ईसीजी काढायला जायचं. आणि छातीत दुखत असेल, घाम सुटत असेल, तर घड्याळ काय म्हणतंय हे बघायचंच नाही. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी आकडा ७८ दिसतोय म्हणून पहाटेपासून दुपारपर्यंत घरी काढली होती. ठोके ठीक असतानाही धमनी बंद झालेली असू शकते. हिरव्या दिव्याला ती दिसत नाही.

त्या स्क्रीनशॉटचा उजवा अर्धा भाग राहिलाच. दुपारी मटणाचं जेवण, ८४ ते ८८. तीनला डुलकी, ६०. पाचच्या सुमाराला एक सुईसारखी काडी ११२ पर्यंत. विचारलं तर म्हणाले, सिलिंडर जिन्यावरून वर चढवला. आणि मग संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ ठोके ९२ ते ९७ होते आणि पावलं शून्य. बसून होते. इतका वेळ, बसल्या बसल्या, त्यांच्या ५७ च्या मानाने बरेच वर. रविवारी त्या वेळी सुधाकरचा, त्यांच्या मुलाचा, परदेशातून फोन असतो. या घरात सध्या काय चाललंय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. मामांनी तो स्क्रीनशॉट १७१ दाखवायला चाळीस माणसांच्या ग्रुपवर टाकला होता, त्यात हेही होतं. मी सगळ्या उंचवट्यांची कारणं विचारली, याचं विचारलं नाही. चहा, चिडचिड, ताप, आनंद, सगळ्यांची रेघ सारखीच निघते, त्यामुळे मला चूक ठरवणारं दुसरं काही कारणही असेल. आपण आपल्या दिवसाचं हे चित्र किती सहज कुणालाही पाठवून देतो, एवढं मात्र तेव्हापासून डोक्यात आहे. ऑफिसच्या आरोग्य-स्पर्धांसाठी पाठवतो, विम्याच्या सवलतीसाठी पाठवतो.

निघताना मामींनी आपलं घड्याळ पुढे केलं. सुधाकरने दोघांनाही एकसारखी पाठवली होती. 'यांचं एवढं बघितलंस, माझंही बघ. माझं काही वर जातच नाही. मी काय नुसती बसून असते का?' त्यांचा आलेख खरंच सपाट होता, ५६ ते ८८, आणि सकाळी सात ते नऊ तुटकतुटक. तुटकपणाचं कारण मनगटावरच होतं. घड्याळाच्या मागेपुढे काचेच्या बांगड्या, त्यांनी ते ढकललं जाऊन सैल झालेलं, आणि त्या वेळात पीठ मळणं, भाकऱ्या थापणं. मनगट वाकलं, तळहात आपटला की खालचे स्नायू हलतात आणि हिरव्या दिव्याला काही धड दिसत नाही. सपाटपणाचं कारण फ्रिजवरच्या डब्यात होतं, रक्तदाबासाठी चालू असलेली मेटोप्रोलॉलची गोळी. ती ॲड्रेनलिनचा हृदयावर जोर चालू देत नाही, म्हणून कितीही राबलं तरी ठोके एका मर्यादेपलीकडे चढत नाहीत. मामींच्या घड्याळाने मात्र २२० मधून वय वजा करून त्यांच्यासाठीही मेहनतीचे पट्टे आखले होते आणि रोज रात्री सांगत होतं : व्यायाम ० मिनिटं.

'मग मला दम किती लागला हे कळायचं कसं?' मामींनी विचारलं. आम्ही अशा गोळ्या घेणाऱ्यांना सांगतो तेच मी सांगितलं : चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये, तो तुमचा वेग. गोळी मनाने बंद करायची नाही, पट्टे बघायचे नाहीत. घड्याळ दुसऱ्या हातात, बांगड्यांच्या वर घाला. त्यांनी ते तिथल्या तिथे काढलं आणि डब्याशेजारी ठेवलं. 'दोन्ही हातांत बांगड्या आहेत,' म्हणाल्या, 'त्यापेक्षा संध्याकाळी यांच्याबरोबर चार भिंतीच्या स्मारकापर्यंत चालत जाईन, बोलत बोलत.'